एकाच झेरॉक्स मशीनचा दोन पद्धतींनी घसारा : १९ टक्के दोन्हीकडे का चालत नाही

प्रश्न : आमच्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने १ ऑक्टोबर २०२३ ला ऑफिससाठी दोन लाखांचे झेरॉक्स मशीन घेतले. आयुष्य पाच वर्षे, शेवटी राहणारी किंमत दहा हजार. एक्सेलमध्ये सरळ रेषा पद्धत आणि घटत्या शिल्लकेची पद्धत शेजारी शेजारी मांडली. दोन्हीकडे १९ टक्के लावले तर पाच वर्षांनी एका बाजूला १०,००० उरतात आणि दुसऱ्या बाजूला ६९,७३६. कोष्टकात चूक नक्की कुठे आहे? आणि मशीन वर्षाच्या मध्येच घेतले आहे, ते कसे दाखवायचे?

उत्तर :

आपल्या बेरीज-वजाबाकीत चूक नाही, चूक दरात आहे. सरळ रेषेतले १९ टक्के आणि घटत्या शिल्लकेतले १९ टक्के ही वेगवेगळ्या रकमांची टक्केवारी आहे. पहिल्या पद्धतीत दर वर्षी मूळ किमतीचे, म्हणजे दोन लाखांचे, १९ टक्के काढले जातात, त्यामुळे दर वर्षी ३८,००० रुपये कमी होतात आणि पाच वर्षांत १,९०,००० खर्ची पडून १०,००० उरतात. दुसऱ्या पद्धतीत १९ टक्के दर वर्षी उरलेल्या शिल्लकेवर लागतात. शिल्लक जशी आक्रसत जाते तसा घसाराही आक्रसतो, आणि पाच वर्षांनी मूळ किमतीचा जवळजवळ ३५ टक्के भाग पुस्तकात तसाच पडून राहतो. आपले ६९,७३६ तिथूनच आले आहेत. तेव्हा घटत्या शिल्लकेसाठी असा दर शोधायला हवा, जो पाच वेळा लावल्यावर दोन लाखांचे बरोबर दहा हजार होतील.

तो दर शोधण्याचे सूत्र असे आहे :

```
दर = 1 - (मोडीची किंमत / मूळ किंमत) ^ (1 / आयुष्य)
   = 1 - (10000 / 200000) ^ (1 / 5)
   = 0.4507
```

म्हणजे ४५.०७ टक्के. दर वर्षी ४५.०७ टक्के गेले की मागे ५४.९३ टक्के उरतात, आणि ०.५४९३ ला स्वतःशीच पाच वेळा गुणले की ०.०५ येतात, म्हणजेच मूळ किमतीचे पाच टक्के. सूत्राचा अर्थ एवढाच आहे. हा आकडा पहिल्यांदा पाहणाऱ्याला फार मोठा वाटतो आणि काही जण घाबरून तो २० किंवा २५ करून टाकतात, पण पाच वर्षांत पाच टक्क्यांवर यायचे असेल तर त्याला दुसरा पर्याय नाही.

आपण घेतलेले पाच वर्षे आणि दहा हजार हे दोन्ही आकडे कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीशी जुळतात, म्हणून त्यांना मी हात लावत नाही. त्या अनुसूचीत ऑफिसच्या उपकरणांचे आयुष्य पाच वर्षे, डेस्कटॉप-लॅपटॉपसारख्या संगणकांचे तीन वर्षे आणि फर्निचरचे दहा वर्षे धरलेले आहे, आणि मोडीची किंमत साधारणपणे मूळ किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त धरू नये असे म्हटले आहे. लक्षात घ्या, अनुसूची आयुष्य सांगते, दर सांगत नाही. दर आपण आपल्या पद्धतीप्रमाणे काढायचा असतो. १९५६ च्या जुन्या कायद्यात दरांचे तयार कोष्टक असायचे आणि ते पाहून काम भागायचे, त्या सवयीतून आजही लोक "दर किती?" असे विचारतात, खरा प्रश्न "आयुष्य किती?" असा असतो.

आधी मशीन वर्षाच्या पहिल्याच दिवशी घेतले असते तर कोष्टक कसे दिसले असते ते पाहू, म्हणजे दोन पद्धतींमधला फरक स्वच्छ दिसेल. सर्व रकमा रुपयांत आहेत.

| वर्ष | सरळ रेषा : घसारा | सरळ रेषा : अखेरची शिल्लक | घटती शिल्लक : घसारा | घटती शिल्लक : अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|
| १ | ३८,००० | १,६२,००० | ९०,१४० | १,०९,८६० |
| २ | ३८,००० | १,२४,००० | ४९,५१४ | ६०,३४६ |
| ३ | ३८,००० | ८६,००० | २७,१९८ | ३३,१४८ |
| ४ | ३८,००० | ४८,००० | १४,९४० | १८,२०८ |
| ५ | ३८,००० | १०,००० | ८,२०८ | १०,००० |
| एकूण | १,९०,००० | | १,९०,००० | |

पाचव्या वर्षी दराप्रमाणे घसारा ८,२०६ येतो आणि १०,००२ उरतात. वरचे दोन रुपये हे दर चार दशांश स्थळांपर्यंत घेतल्यामुळे आणि रुपये पूर्णांकात धरल्यामुळे राहिले आहेत, ते शेवटच्या वर्षात जिरवले. कोष्टक बरोबर असल्याची पहिली खूण म्हणजे दोन्ही घसारा रकान्यांची बेरीज सारखीच, म्हणजे १,९०,००० यायला हवी. ती आली नाही तर पुढचे काहीही पाहण्यात अर्थ नाही. आपल्या कोष्टकात ही बेरजेची ओळच नसावी असा माझा अंदाज आहे, नाहीतर घटत्या शिल्लकेखाली १,३०,२६४ ही बेरीज पाहूनच आपण थांबला असता.

कोष्टक आडवे वाचले तर दिसेल की पहिल्या दोन वर्षांत घटत्या शिल्लकेचा घसारा जास्त आहे आणि तिसऱ्या वर्षापासून तो सरळ रेषेच्या खाली जातो. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस दोन्ही शिल्लकांमधले अंतर सर्वात जास्त, म्हणजे ६३,६५४ रुपये, असते आणि तिथून ते मिटत जाते. बँकेत कर्जासाठी ताळेबंद द्यायचा असेल तर नेमके हे अंतर समोरच्याला दिसते, म्हणून कोणती पद्धत वापरली आहे हे टिपेत लिहिणे ही औपचारिकता समजू नये.

आता आपल्या खऱ्या मशीनकडे येऊ. १ ऑक्टोबरपासून मशीन वापरासाठी तयार असेल तर २०२३-२४ या वर्षात त्याचा घसारा फक्त सहा महिन्यांचा निघेल. योगायोग असा की २०२४ च्या फेब्रुवारीत २९ दिवस होते, त्यामुळे १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे बरोबर १८३ दिवस भरतात आणि वर्ष ३६६ दिवसांचे आहे. म्हणजे दिवसांवरून मोजा किंवा महिन्यांवरून, पहिल्या वर्षी अर्धेच येते. एरवी या दोन मोजण्यांत थोडा फरक पडतो. कुठलीही एक रीत धरावी आणि सगळ्या मालमत्तांना तीच लावावी. पाच वर्षांचे आयुष्य ३० सप्टेंबर २०२८ ला संपते, म्हणून कोष्टकात पाच नव्हे, सहा ओळी होतात. ही सहावी ओळ विसरणे ही माझ्या पाहण्यात सर्वात जास्त वेळा होणारी चूक आहे.

| वर्षअखेर | महिने | सरळ रेषा : घसारा | सरळ रेषा : शिल्लक | घटती शिल्लक : घसारा | घटती शिल्लक : शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| मार्च २०२४ | ६ | १९,००० | १,८१,००० | ४५,०७० | १,५४,९३० |
| मार्च २०२५ | १२ | ३८,००० | १,४३,००० | ६९,८२७ | ८५,१०३ |
| मार्च २०२६ | १२ | ३८,००० | १,०५,००० | ३८,३५६ | ४६,७४७ |
| मार्च २०२७ | १२ | ३८,००० | ६७,००० | २१,०६९ | २५,६७८ |
| मार्च २०२८ | १२ | ३८,००० | २९,००० | ११,५७३ | १४,१०५ |
| मार्च २०२९ | ६ | १९,००० | १०,००० | ४,१०५ | १०,००० |
| एकूण | ६० | १,९०,००० | | १,९०,००० | |

शेवटच्या ओळीकडे जरा थांबून पाहा. १४,१०५ वर ४५.०७ टक्क्यांनी सहा महिन्यांचा घसारा काढला तर तो ३,१७९ येतो आणि शिल्लक १०,९२६ राहते, दहा हजार नाही. हे ९२६ रुपये पूर्णांकाच्या हिशेबातून आलेले नाहीत. अर्ध्या वर्षासाठी आपण दराचा निम्मा भाग, म्हणजे २२.५३५ टक्के, घेतो. पण गणिताच्या नियमाने सहा महिन्यांत शिल्लक ५४.९३ टक्क्यांच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे ७४.११ टक्के, उरायला हवी आणि २५.८९ टक्के जायला हवे. आपण सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा असा दोनदा कमी घसारा घेतला, त्यामुळे शेवटी पाचऐवजी सुमारे ५.४६ टक्के उरतात. (२५.८९ हा आकडा ओळखीचा वाटला असेल तर तो दहा वर्षांच्या फर्निचरचा घटत्या शिल्लकेचा दर आहे. पाच वर्षांत दहा अर्धवर्षे असतात, म्हणून तोच आकडा.)

यावर उपाय म्हणून कोणी सहामाही दर वापरत बसत नाही. रूढ रीत अशी की वर्षाच्या दराला महिन्यांच्या किंवा दिवसांच्या प्रमाणात कापायचे आणि आयुष्य संपते त्या वर्षी दर बाजूला ठेवून "सुरुवातीची शिल्लक वजा मोडीची किंमत" एवढा घसारा घ्यायचा. म्हणून शेवटच्या ओळीत ४,१०५ आहेत. सरळ रेषेत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे प्रत्येक महिन्याचा वाटा सारखाच असतो.

एक्सेलमध्ये हे कोष्टक मांडताना मी मूळ आकडे वर वेगळ्या खान्यांत ठेवतो आणि खालच्या सूत्रांत एकही आकडा हाताने लिहीत नाही. समजा B1 मध्ये मूळ किंमत, B2 मध्ये मोडीची किंमत, B3 मध्ये आयुष्य आहे, D6 आणि F6 मध्ये मूळ किंमत ओढून घेतली आहे, आणि सातव्या ओळीपासून A मध्ये वर्ष, B मध्ये महिने, C आणि D मध्ये सरळ रेषेचा घसारा व शिल्लक, E आणि F मध्ये घटत्या शिल्लकेचा घसारा व शिल्लक आहे. मग सूत्रे अशी होतात :

```
B4:  =ROUND(1-(B2/B1)^(1/B3),4)
C7:  =ROUND(($B$1-$B$2)/$B$3*B7/12,0)
D7:  =D6-C7
E7:  =IF(SUM($B$7:B7)=$B$3*12,F6-$B$2,ROUND(F6*$B$4*B7/12,0))
F7:  =F6-E7
```

ही ओळ खाली ओढली की काम झाले. E7 मधली अट महिन्यांची बेरीज ६० झाली आहे का ते पाहते आणि झाली असेल तरच उरलेली सगळी रक्कम घेते. महिन्यांची बेरीज चुकून ५९ किंवा ६१ झाली तर ही अट कधीच लागू होणार नाही आणि शेवटी दहा हजारांऐवजी भलताच आकडा उरेल. तो दिसला की आधी B रकाना तपासावा.

एक्सेलच्या तयार फंक्शनांबद्दल सावध राहा असे सांगेन. `SLN` ठीक आहे. `DB` मात्र आतल्या आत दर तीनच दशांश स्थळांपर्यंत घेते, म्हणजे ०.४५०७ ऐवजी ०.४५१, त्यामुळे `=DB(200000,10000,5,1)` चे उत्तर ९०,१४० ऐवजी ९०,२०० येते. साठ रुपयांनी काही बिघडत नाही, पण लेखापरीक्षक जेव्हा आपल्या सूत्राने ताळा करतो तेव्हा हा साठ रुपयांचा फरक शोधण्यात त्याचा आणि आपला अर्धा तास जातो. `DDB` ची गोष्ट वेगळी आहे. ते मोडीची किंमत न वगळता येणाऱ्या सरळ रेषेच्या दराच्या दुप्पट दर धरते, म्हणजे पाच वर्षांसाठी २० च्या दुप्पट ४० टक्के, आणि मोडीच्या किमतीवरून दर काढतच नाही. त्याने पहिल्या वर्षी ८०,००० घसारा येतो आणि पाचव्या वर्षाअखेर १५,५५२ उरतात. नाव ऐकून लोक ते "घटत्या शिल्लकेचे फंक्शन" समजतात आणि फसतात.

आता दोन लाख ही रक्कम आली कुठून, हे एकदा बिल समोर ठेवून तपासा, कारण कोष्टकाचा पायाच तो आहे. समजा बिलात मशीनचे १,९२,००० आणि वाहतूक व जोडणीचे ८,००० आहेत, आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३६,००० आहेत. आपण त्या ३६,००० ची इनपुट क्रेडिट घेत असाल तर मशीनची किंमत दोन लाखच धरायची. कराची रक्कमही किमतीत धरून तिच्यावर घसारा घेतला, तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६(३) प्रमाणे त्या कराचे क्रेडिट मिळत नाही. क्रेडिट घेतच नसाल तर मात्र २,३६,००० ही मूळ किंमत होईल, मोडीची किंमत ११,८०० होईल, आणि ४५.०७ टक्के तसेच राहतील, कारण दोन रकमांचे प्रमाण बदललेले नाही. टोनर, कागद आणि वार्षिक देखभालीचा करार यांचे पैसे किमतीत धरायचे नाहीत, ते त्या त्या वर्षाचे खर्च आहेत. बऱ्याचदा विक्रेता या सगळ्याचे एकच बिल करतो, तेव्हा त्याच्याकडून रकमा वेगळ्या लिहून घ्याव्यात.

तारखेचेही तसेच. घसारा बिलाच्या तारखेपासून सुरू होत नाही, मशीन जागेवर बसून वापरण्याजोगे झाले त्या दिवसापासून होतो. माझ्याकडे एकदा एका कंपनीची मालमत्ता नोंदवही आली होती, तिच्यात मोठ्या झेरॉक्स मशीनची तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली होती आणि घसारा त्या वर्षी आठवड्याभराचा घेतलेला होता. जोडणीचा कागद मागवला तर तो मेच्या मध्यावरचा निघाला, कारण मशीन दीड महिना खोक्यातच पडून होते. एका यंत्राची रक्कम लहान होती, पण त्या कंपनीने त्याच आठवड्यात बारा शाखांसाठी बारा मशीन घेतली होती आणि सगळ्यांची तारीख बिलावरून उचलली होती. तेव्हापासून मी नोंदवहीत बिलाची तारीख आणि वापरासाठी तयार झाल्याची तारीख असे दोन रकाने ठेवायला लावतो, आणि दुसऱ्या रकान्यासाठी जोडणीच्या कागदाची प्रत मागतो.

इथे आयकराचे कोष्टक वेगळे ठेवायची गरज पडते. आयकरासाठी हेच मशीन सर्वसाधारण यंत्रसामग्रीच्या १५ टक्क्यांच्या गटात जाते, आणि तिथे पद्धत घटत्या शिल्लकेची असली तरी शिल्लक एकेका मशीनची नसून संपूर्ण गटाची असते. मशीन घेतले त्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला असेल तर त्या वर्षापुरता दर निम्मा होतो, आणि १८० किंवा जास्त दिवस झाला असेल तर पूर्ण मिळतो. मधले काही नाही. आपले मशीन १ ऑक्टोबरलाच प्रत्यक्ष वापरात आले असेल तर १८३ दिवस भरतात आणि आयकरात २०२३-२४ साठी पूर्ण ३०,००० मिळतात. तेच ५ ऑक्टोबरला वापरात आले असते तर १७९ दिवस भरले असते आणि १५,००० च मिळाले असते, कंपनीच्या पुस्तकात मात्र चार दिवसांचाच काय तो फरक पडला असता. म्हणून आयकराचा रकाना याच कोष्टकात तिसरा म्हणून जोडू नका. नियम वेगळे, मोजणी वेगळी, आणि दोन्ही एकत्र ठेवले की वर्षाअखेर कोणीतरी १५ टक्के चुकीच्या खान्यात ओढतो. पुस्तकातला आणि आयकरातला घसारा यांतल्या फरकामुळे स्थगित कराची नोंद लागते, ती आपले सनदी लेखापाल करतीलच.

भागीदारी संस्था किंवा एकल मालकीच्या व्यवसायाला दुसरी अनुसूची लागू नसते, म्हणून तिथे बरेच जण पुस्तकातही आयकराचेच १५ टक्के लावतात. दोन हिशेब ठेवायचा त्रास वाचतो हे खरे. पण मग पूर्ण पाच वर्षांनीही दोन लाखांच्या मशीनची पुस्तकी किंमत ८८,७४१ दिसते. पाच वर्षे वापरलेले झेरॉक्स मशीन त्या भावाला कोणी नेणार नाही, हे ते वापरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

दोन पद्धतींतून कोणती घ्यावी, हे आपण थेट विचारले नसले तरी दोन्ही शेजारी मांडण्यामागे तोच विचार असावा. याचे उत्तर मशीन विकताना जास्त उलगडते. समजा ३१ मार्च २०२६ ला, म्हणजे अडीच वर्षांनी, आपण ते ६०,००० ला विकले. सरळ रेषेप्रमाणे पुस्तकात १,०५,००० आहेत, म्हणजे ४५,००० तोटा. घटत्या शिल्लकेप्रमाणे ४६,७४७ आहेत, म्हणजे १३,२५३ नफा. आता अडीच वर्षांचा घसारा त्यात मिळवून पाहा : पहिल्या पद्धतीत ९५,००० घसारा आणि ४५,००० तोटा मिळून १,४०,०००, दुसऱ्या पद्धतीत १,५३,२५३ घसाऱ्यातून १३,२५३ नफा वजा जाता १,४०,०००. दोन्हीकडे एकच आकडा, कारण दोन लाखांना घेतलेली वस्तू साठ हजारांना विकली की एक लाख चाळीस हजार गेले, मग पद्धत कोणतीही असो. पद्धत फक्त हे ठरवते की ते कोणत्या वर्षी दिसतील.

लेखा मानकाची अपेक्षा अशी आहे की वस्तूचा उपयोग ज्या चालीने खर्ची पडतो त्या चालीने घसारा यावा. झेरॉक्स मशीन पहिली दोन वर्षे भरपूर आणि बिनतक्रार चालते, पुढे ड्रम, फ्यूजर, रोलर बदलायचा खर्च वाढत जातो आणि बाजारभाव मात्र पहिल्याच वर्षी जोरात पडलेला असतो. अशा यंत्राला घटती शिल्लक शोभते : घसारा कमी होत जातो तसा दुरुस्तीचा खर्च वाढत जातो आणि दोन्ही मिळून वर्षाचा भार बराचसा समान राहतो. टेबल, कपाट, खुर्च्या यांना मी सरळ रेषा पसंत करतो. एक मर्यादाही सांगून ठेवतो. मोडीची किंमत शून्य धरायची असेल तर घटत्या शिल्लकेचे सूत्र कोसळते, दर १०० टक्के येतो आणि पहिल्याच वर्षी सगळी किंमत उडते. एक रुपया धरून ते वाचवायचा प्रयत्न केला तरी दर ९१ टक्क्यांच्या वर जातो. शून्य मोडीच्या वस्तूला सरळ रेषाच लावावी.

एकदा निवडलेली पद्धत दर वर्षी नफा पाहून बदलता येत नाही. पण योग्य कारणाने बदललीच, तर कसे करायचे यात जुन्या पाठ्यपुस्तकांमुळे गोंधळ होतो. पूर्वी पद्धत बदलली की मशीन घेतल्या दिवसापासून नव्या पद्धतीने घसारा काढून फरकाची रक्कम एकदम नफा-तोटा खात्यात आणावी लागे, आणि परीक्षांतली उदाहरणे अजूनही बऱ्याच ठिकाणी तशीच सोडवतात. सुधारित लेखा मानक १० आल्यापासून हा बदल अंदाजातला बदल समजला जातो आणि तो पुढच्या वर्षांनाच लागू होतो. वरच्या पहिल्या कोष्टकात दोन वर्षे सरळ रेषा लावून तिसऱ्या वर्षी घटत्या शिल्लकेकडे वळायचे असेल तर शिल्लक १,२४,०००, मोड १०,००० आणि उरलेले आयुष्य तीन वर्षे, एवढेच सूत्रात टाकायचे. दर ५६.८० टक्के येतो, ४५.०७ नाही. तिसऱ्या वर्षाचा घसारा ७०,४३२ होतो. जुना दर तसाच ठेवला तर मशीनचे आयुष्य संपेल आणि शिल्लक संपणार नाही, म्हणजे आपण जिथून सुरुवात केली त्याच चुकीवर परत याल.

राहिले ते ३० सप्टेंबर २०२८ नंतरचे. मशीन त्यानंतरही चालत असेल, आणि नीट ठेवले तर ते चालते, तरी त्यावर आणखी घसारा घ्यायचा नाही. ते नोंदवहीतून काढूनही टाकायचे नाही. मूळ किंमत २,००,०००, जमा घसारा १,९०,००० आणि शिल्लक १०,००० अशी ओळ तशीच पुढे न्यायची. पुढे कधी भंगारवाल्याने त्याचे ४,००० दिले तर त्या दिवशी ६,००० चा तोटा नोंदवून दोन्ही रकाने बंद करायचे. तेव्हा दोन्ही पद्धतींची ओळ अगदी सारखीच असेल.